अर्धा आणि पाव मिळून पाऊण का होतो? छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज

वाण्याकडे अर्धा किलो साखर घेतली आणि मग आठवलं म्हणून आणखी पाव किलो घेतली, तर घरी किती साखर आली? पाऊण किलो. हे सांगायला कोणी वही-पेन्सिल काढत नाही. पण हेच १/२ + १/४ असं फळ्यावर लिहिलं की सहावीच्या वर्गात निम्म्या वह्यांत २/६ असं उत्तर सापडतं. तोंडाने बरोबर बोलणारी मुलं हाताने चुकीचं का लिहितात, याचा मी बरीच वर्षं विचार केला आहे. माझ्या मते कारण एकच आहे. पाऊण म्हणताना आपण मनातल्या मनात एक काम उरकून टाकतो आणि ते केलं हे आपल्या लक्षातही येत नाही. ते काम असं: अर्ध्याचे आपण दोन पाव करतो. दोन पाव आणि एक पाव मिळून तीन पाव, म्हणजेच पाऊण. बेरीज होण्याआधी दोन्ही मापं पावात आली होती.

छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची सगळी बेरीज एवढ्या एका गोष्टीवर उभी आहे. अडचण इतकीच, की सगळेच अपूर्णांक अर्ध्या-पावासारखे एकमेकांत सहज बसत नाहीत.

आमच्या शेजारची मुलगी परवा वही घेऊन आली. गणित होतं ५/६ + ३/८. तिने अंशात अंश मिळवले, छेदात छेद मिळवले आणि ८/१४ लिहिलं. "काकू, बरोबर आहे ना?" मी म्हटलं, "आधी मला सांग, ५/६ म्हणजे साधारण किती?" ती म्हणाली, "सहातले पाच. म्हणजे जवळजवळ पूर्णच." "आणि ८/१४?" तिने थोडा विचार केला. चौदाचे निम्मे सात, म्हणजे ८/१४ हे अर्ध्याहून जरासं जास्त. मग तीच म्हणाली, "अगं बाई, मिळवल्यावर कमी कसं झालं?"

हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावून घ्या. दोन अपूर्णांकांची बेरीज त्या दोघांपैकी कुठल्याही एकापेक्षा लहान येऊच शकत नाही. लहान आली तर पुढचं काही न तपासता खुशाल समजा, गणित चुकलं आहे.

पण तिने जे केलं ते अगदीच निराधार नव्हतं. समजा एका चाचणीत तिला ६ पैकी ५ गुण मिळाले आणि दुसऱ्या चाचणीत ८ पैकी ३. दोन्ही मिळून किती? १४ पैकी ८. इथे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणं बरोबर आहे, कारण दोन वेगळ्या चाचण्या आहेत आणि दोन्हींचे एकूण गुणही एकत्र होत आहेत. अपूर्णांकांच्या बेरजेत तसं नसतं. तिथे ५/६ आणि ३/८ हे एकाच मापाच्या पूर्ण वस्तूचे भाग असतात: एक भाकरी, एक तास, एक मीटर कापड. बेरीज केल्यावर ती वस्तू चौदा तुकड्यांची होत नाही. मुलं करतात ती बेरीज एका निराळ्या प्रश्नाचं बरोबर उत्तर असते, म्हणूनच ती इतकी पटते आणि म्हणूनच ती सुटता सुटत नाही.

आता छेद आणि अंश हे दोन शब्द नीट बघू. छेद म्हणजे कापणं. छेदातला आकडा सांगतो की पूर्ण वस्तूचे किती सारखे तुकडे केले, म्हणजेच एक तुकडा केवढा आहे. अंश सांगतो की त्यातले किती तुकडे घेतले. ५/६ मध्ये ५ ही मोजणी आहे आणि ६ हे तुकड्याचं माप. दोन डझन केळी आणि तीन केळी मिळून पाच असं कोणी म्हणत नाही. पाच काय? ना पाच डझन, ना पाच केळी. आधी डझन मोडून चोवीस केळी करायची, मग तीन मिळवून सत्तावीस म्हणायचं. तसंच पाच षष्ठांश आणि तीन अष्टमांश मिळून आठ म्हटलं, तर आठ काय, याला उत्तर नाही. मोजणी मिळवायची असेल तर माप एकच हवं.

तर मग सहावे भाग आणि आठवे भाग दोन्ही मोडून एकाच मापाचे तुकडे करायचे. केवढे करायचे, हाच खरा प्रश्न आहे, आणि लसावि त्याचं उत्तर देतो.

चौकटीची वही काढा. एका ओळीत एक लांब पट्टी आखायची आहे आणि ती पट्टी म्हणजे आपली पूर्ण वस्तू. पट्टी अशी हवी की तिचे सहा सारखे भाग केले तर प्रत्येक भागात पूर्ण चौकटी येतील, आणि आठ सारखे भाग केले तरीही पूर्ण चौकटीच येतील. कुठेही चौकट मोडावी लागता कामा नये.

मुलगी आधी म्हणाली, १२ चौकटी घेऊ. सहा भाग केले, प्रत्येकी दोन चौकटी आल्या. आठ भाग करायला गेली तर प्रत्येकी दीड चौकट. १२ बाद. मग १६ घेतल्या. आठ भाग झाले, प्रत्येकी दोन. सहा भाग करायला गेली तर सोळाला सहाने पूर्ण भाग जात नाही. १६ ही बाद. सहा भाग नीट पडायचे तर पट्टी सहाच्या पाढ्यातली हवी: ६, १२, १८, २४, ३०, असं पुढे. आठ भाग नीट पडायचे तर आठच्या पाढ्यातली हवी: ८, १६, २४, ३२, असं पुढे. दोन्ही पाढ्यांत पहिल्यांदा भेटणारी संख्या २४. हाच ६ आणि ८ यांचा लसावि.

लसावि म्हणजे लघुतम साधारण विभाज्य. यातला 'साधारण' हा शब्द फसवतो. तो 'साधारण पाऊस' म्हणतो त्यातला नाही. इथे त्याचा अर्थ सामाईक, दोघांचा मिळून असा आहे. विभाज्य म्हणजे जिला पूर्ण भाग जातो ती संख्या. म्हणजे ६ आणि ८ या दोघांनीही पूर्ण भाग जाणाऱ्या संख्यांमधली सगळ्यात लहान.

आता २४ चौकटींची पट्टी आखली. सहा भाग केले तर एका भागात २४ ÷ ६ = ४ चौकटी. पाच भाग घ्यायचे आहेत, म्हणून ५ × ४ = २० चौकटी. त्या तिने निळ्या पेन्सिलीने रंगवल्या. आठ भाग केले तर एका भागात २४ ÷ ८ = ३ चौकटी. तीन भाग घ्यायचे, म्हणून ३ × ३ = ९ चौकटी. त्या लाल करायच्या होत्या, पण निळ्या वीस झाल्यावर पट्टीत चारच उरल्या होत्या. चार लाल करून ती थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, खाली दुसरी तशीच पट्टी आख. उरलेल्या पाच लाल चौकटी तिने तिथे रंगवल्या. एक अख्खी पट्टी भरली आणि दुसरीतल्या २४ पैकी ५ चौकटी भरल्या.

हेच आकड्यांत असं लिहितात:

५/६ + ३/८
= (५ × ४)/(६ × ४) + (३ × ३)/(८ × ३)
= २०/२४ + ९/२४
= २९/२४
= १ पूर्णांक ५/२४

शेवटची ओळ म्हणजे तिच्या दोन पट्ट्याच आहेत. शेवटी मिळवले ते फक्त अंश. छेद २४ तसाच राहिला, कारण तुकड्याचं माप बदललेलं नाही. वीस केळी आणि नऊ केळी मिळून एकोणतीस केळीच होतात.

अंशालाही त्याच संख्येने का गुणायचं, हे पट्टीत डोळ्यांना दिसतं. एका सहाव्या भागात चार चौकटी बसल्या म्हणून पाच भागांच्या वीस झाल्या. तुकडे चौपट बारीक केले, म्हणून ते चौपट जास्त मोजावे लागले. वस्तू तेवढीच राहिली. ५/६ आणि २०/२४ हे एकाच किमतीचे, म्हणजे सममूल्य अपूर्णांक आहेत. परीक्षेच्या घाईत सगळ्यात जास्त चूक इथेच होते: मुलं लसावि बरोबर काढतात, छेद बदलतात आणि अंश तसेच ठेवतात. ५/२४ + ३/२४ = ८/२४. आता ८/२४ म्हणजे १/३. नुसतं ५/६ च त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. मघाचाच प्रश्न इथेही चूक पकडून देतो.

४८ चौकटींची पट्टी घेतली असती तर? सहा भाग पडले असते, आठही पडले असते. ४०/४८ + १८/४८ = ५८/४८. अंश आणि छेद दोघांना २ ने भागलं की पुन्हा २९/२४. उत्तर बरोबरच. ६ × ८ = ४८ असा छेदांचा सरळ गुणाकार नेहमी चालतो, आणि कोणी तसं केलं तर त्याला चूक म्हणणं मला पटत नाही. पण ४८ मध्ये आपण गरजेपेक्षा दुप्पट बारीक कापलं, दुप्पट मोजलं आणि शेवटी पुन्हा जोडत बसलो. लसावि घेतल्याने उत्तर जास्त खरं होत नाही, पण तुकडे कमीत कमी होतात आणि आकडे लहान राहतात. २४ च्या आतली कुठलीही पट्टी चालत नाही, आणि २४ च्या पुढच्या ज्या चालतात त्या सगळ्या २४ च्याच पाढ्यातल्या असतात: ४८, ७२, ९६.

एक पूर्ण वस्तू किती भागांत मोडायची, हा प्रश्न पैशांच्या व्यवहारातही होताच. १९५७ पर्यंत आपल्याकडे रुपयाचे सोळा आणे होते. अर्धा रुपया आठ आणे, पाव रुपया चार आणे, आठवा भाग दोन आणे. सगळं छान बसायचं. पण रुपया तिघांत सारखा वाटायचा झाला की सोळाला तीनने भाग जात नाही. त्यासाठी आण्याच्या खाली पै होती, एका आण्याच्या बारा. म्हणजे रुपयाच्या १९२ पै, आणि १९२ ला तीनने भाग जातो. तिघांना प्रत्येकी ६४ पै, म्हणजे ५ आणे ४ पै. पुढे रुपयाचे शंभर पैसे झाले आणि हिशोब सोपा झाला, पण रुपयाचा तिसरा भाग मात्र पुन्हा नेमका देता येईनासा झाला. शंभरच्या पट्टीत तीन सारखे भाग पडत नाहीत, एवढंच त्याचं कारण.

आता लसावि पटकन कसा काढायचा ते बघू. दोन्ही पाढे लिहीत बसायची गरज नसते. मोठ्या छेदाचा पाढा म्हणायचा आणि प्रत्येक वेळी विचारायचं, याला लहान छेदाने पूर्ण भाग जातो का? ६ आणि ८ साठी: ८ ला सहाने भाग जातो का? नाही. १६ ला? नाही. २४ ला? हो. तीन पायऱ्यांत काम झालं. ५/१२ + २/३ असेल तर पहिल्याच पायरीला थांबायचं, कारण १२ ला तीनने भाग जातोच. लसावि १२, आणि बदलायचा तो फक्त २/३. साखरेच्या अर्ध्या-पावाचंही असंच होतं, म्हणून ते तोंडी जमत होतं.

छेद मोठे झाले की पाढा लांबतो. तिथे लसावि आत कसा बनलेला असतो ते माहीत असलेलं बरं. ५/१२ + ७/१८ घेऊ. १२ चे मूळ अवयव २ × २ × ३, आणि १८ चे २ × ३ × ३. आपल्याला अशी संख्या हवी आहे जिच्यात १२ पूर्ण मावेल आणि १८ ही पूर्ण मावेल. १२ मावायला दोन २ आणि एक ३ लागतो. १८ मावायला एक २ आणि दोन ३ लागतात. मग दोन २ आणि दोन ३ घेतले की दोघांचंही भागतं: २ × २ × ३ × ३ = ३६. एक २ आणि एक ३ दोघांतही आहेत, ते दोनदा घ्यायचे नाहीत. सरळ गुणाकार १२ × १८ = २१६ येतो, म्हणजे ३६ च्या सहापट. ते सहापट झालं कारण सामाईक २ × ३ = ६ आपण दोनदा मोजले. तो ६ म्हणजे १२ आणि १८ चा मसावि, महत्तम साधारण विभाजक: जिने दोघांनाही पूर्ण भाग जातो अशी सगळ्यात मोठी संख्या. म्हणून दोन संख्यांचा गुणाकार त्यांच्या मसाविने भागला की लसावि मिळतो.

वहीत हे उभ्या मांडणीत करतात. दोघांनाही भाग जाणाऱ्या संख्येने भागत जायचं:

```
२ | १२   १८
३ |  ६    ९
  |  २    ३
```

आता २ आणि ३ यांना १ सोडून दुसऱ्या कोणत्याही एकाच संख्येने भाग जात नाही, म्हणून थांबलो. डावीकडचे २ आणि ३, आणि खाली उरलेले २ आणि ३, सगळ्यांचा गुणाकार ३६. इथवर बहुतेक मुलांना येतं. पण या मांडणीत आणखी एक गोष्ट लपलेली आहे आणि ती मला फार आवडते. खाली उरलेले आकडे बघा. १२ च्या खाली २ आहे आणि १८ च्या खाली ३. ते एकमेकांना द्या. १२ ला ३ ने गुणायचं, १८ ला २ ने. दोन्हीकडे ३६ च येतात. म्हणजे कोणत्या अपूर्णांकाला कितीने गुणायचं हे वेगळं शोधायला नको, ते समोरच लिहिलेलं असतं.

५/१२ + ७/१८
= (५ × ३)/३६ + (७ × २)/३६
= १५/३६ + १४/३६
= २९/३६

ही युक्ती नवीन नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त अपूर्णांकांचे छेद सारखे करण्याचे दोन मार्ग एकाच श्लोकात दिले आहेत. पहिला मार्ग: प्रत्येक अपूर्णांकाच्या अंशाला आणि छेदाला दुसऱ्याच्या छेदाने गुणा. दुसरा मार्ग त्यांनी शहाण्या माणसासाठी म्हणून सांगितला आहे: दोन्ही छेदांना सामाईक भाजकाने भागून जे उरेल त्याने एकमेकांना गुणा. हा दुसरा मार्ग म्हणजे आपल्या उभ्या मांडणीखालचे २ आणि ३ च आहेत. त्यांनी छेदाला 'हर' म्हटलं आहे, पण आपण आजही जो 'समच्छेद' शब्द वापरतो तो त्याच श्लोकात आहे.

सोबत त्यांनी सोडवायला दिलेलं एक उदाहरण वजाबाकीचं आहे: १/१४ मधून १/६३ वजा करा. सरळ गुणाकार केला तर छेद १४ × ६३ = ८८२ होतो. दुसऱ्या मार्गाने गेलं तर १४ आणि ६३ दोघांना ७ ने भाग जातो. खाली २ आणि ९ उरतात. अदलाबदल केली: १/१४ ला ९ ने, १/६३ ला २ ने.

१/१४ − १/६३
= ९/१२६ − २/१२६
= ७/१२६
= १/१८

८८२ ऐवजी १२६. शाळेतल्या छोट्या आकड्यांत लसाविचा फायदा नीट जाणवत नाही. इथे तो जाणवतो. तुकडे सातपट कमी झाले.

पण लसावि घेऊनही शेवटी ७/१२६ ला ७ ने भागावंच लागलं. हे नीट पाहून ठेवा, कारण 'लसावि घेतला की उत्तर आपोआप संक्षिप्त रूपात येतं' असा समज पुष्कळ मुलांच्या मनात असतो आणि तो खरा नाही. लसावि काढताना आपण फक्त छेद पाहिले होते. अंश मिळवल्यावर किंवा वजा केल्यावर नवी संख्या तयार होते, आणि तिचं छेदाशी काही सामाईक निघेल की नाही हे आधी कळत नाही. १/६ + ३/१० बघा. लसावि ३०, म्हणून ५/३० + ९/३० = १४/३०, आणि त्याचं संक्षिप्त रूप ७/१५. शेवटची ओळ लिहिल्यावर अंश आणि छेद दोघांना कशाने भाग जातो का, हे एकदा तपासायचंच. तसंच सुरुवातीलाही एक नजर टाकायची. ६/८ + ५/६ आलं तर ६/८ चे आधीच ३/४ करून घ्या; मग लसावि २४ ऐवजी १२ वर येतो आणि ९/१२ + १०/१२ = १९/१२ असं सरळ सुटतं.

लसावि आणि मसावि यांचा गोंधळ हाही नेहमीचा. दोन्ही धडे शेजारी शेजारी शिकवतात आणि नावंही जुळी वाटतात. १२ आणि १८ साठी कोणी छेद म्हणून ६ घेतला, तर तो मसावि आहे. ५/१२ चे सहावे भाग करायला गेलं की अडीच षष्ठांश होतात, म्हणजे चौकट मोडली. ओळखायची खूण सोपी आहे: सामाईक छेद कधीच सगळ्यात मोठ्या छेदापेक्षा लहान नसतो. तुकडे तेवढेच राहतील किंवा बारीक होतील. मोठे होणार नाहीत.

छेदांत सामाईक काहीच नसेल, जसं २/५ + ३/७, तर लसावि शोधण्यात वेळ घालवू नका. तिथे लसावि म्हणजे सरळ गुणाकारच, ३५. उत्तर १४/३५ + १५/३५ = २९/३५. छेद बघितल्यावर आधी हाच प्रश्न: मोठ्याला लहानाने भाग जातो का, दोघांत काहीच सामाईक नाही का, की थोडंसं सामाईक आहे? लसाविचं खरं काम तिसऱ्या प्रकारात असतं.

आता एक शेवटचं गणित घड्याळावर करू, कारण तिथे उत्तर खरं की खोटं ते लगेच कळतं. मुलीने एके दिवशी १ पूर्णांक ३/४ तास अभ्यास केला आणि दुसऱ्या दिवशी २ पूर्णांक १/३ तास. एकूण किती? पूर्णांक असले तर ते वेगळे मिळवून ठेवायचे: १ + २ = ३. मग फक्त ३/४ + १/३ उरतं. ४ आणि ३ चा लसावि १२.

३/४ + १/३
= ९/१२ + ४/१२
= १३/१२
= १ पूर्णांक १/१२

आधीचे ३ मिळवले की ४ पूर्णांक १/१२ तास. इथे १३/१२ मध्ये एक पूर्ण तास दडलेला आहे, तो बाहेर काढून पूर्णांकात मिळवायला विसरायचं नाही. ३ पूर्णांक १३/१२ असं लिहून सोडून दिलेली उत्तरं मी खूप पाहिली आहेत. किंमत बरोबर, पण काम अर्धवट.

आता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. तबकडीवर बारा आकडे आहेत, म्हणजे तासाचे बारा सारखे भाग, प्रत्येकी पाच मिनिटांचे. पाऊण तासात मिनिटकाटा बारापासून निघून नऊ घरं पुढे जातो आणि ९ वर येतो. आणखी तिसरा भाग तास, म्हणजे वीस मिनिटं, म्हणजे चार घरं. नवापासून चार घरं मोजा: दहा, अकरा, बारा, एक. काटा एक पूर्ण फेरी करून एका घराने पुढे गेला. एक तास आणि पाच मिनिटं. तासाचा बारावा भाग पाचच मिनिटांचा असतो, म्हणून १ पूर्णांक १/१२ बरोबर. मुलीने पावणेदोन तास आणि दोन तास वीस मिनिटं असं मिनिटांतही मिळवून पाहिलं. चार तास पाच मिनिटंच आली.

मग तिने विचारलं, "काकू, आपलं पहिलं गणित, ५/६ आणि ३/८, ते घड्याळावर जमेल का?" आम्ही करून पाहिलं. तासाचा सहावा भाग दहा मिनिटं, ठीक. आठवा भाग साडेसात मिनिटं. तबकडीवरची बारा घरं पुरली नाहीत, साठ मिनिटंही पुरली नाहीत. साठला आठने पूर्ण भाग जात नाही. तिने हिशोब केला आणि म्हणाली, तासाची १२० मिनिटं असती तर जमलं असतं. ६० आणि ८ चा लसावि १२०.